निवट्याचं बारसं

ताडपत्रीखालून बाहेर डोकावणारी एक हिरवी शेपटी.

‘स्पर्धकांनी रंग स्वतः आणावेत.’

एक तांदळाचा डबा, स्वयंपाकघरातल्या वरून तिसऱ्या फळीवर.

रेवसच्या जेटीवरून सुटलेली लाँच, आणि तिच्यातून उतरताना कुणीतरी मारलेली “अरे देवा!” अशी हाक.

नऊ दिवस.

राखाडी रंगाची एक टिक. एकच.

“सांगणार नाही. रविवारी सगळ्यांसमोर ऐक.”

हे शेवटचं वाक्य मृणालीच्या बाबांचं. तेवढं ऐकू आलं, फोन खरखरला आणि बंद पडला. बाबा मालवाहू जहाजावर फिटर होते. जहाज बंदर सोडून निघालं होतं, आणि पुढचं बंदर यायला दोन आठवडे होते. मृणाली बारा वर्षांची. दोन आठवडे म्हणजे किती, ते तिला बोटांवर न मोजता कळायचं.

हे सगळं सुरू झालं एका संदेशाने. ‘खाडीकिनारा’ सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा मे रोजी, शुक्रवारी सकाळी, सेक्रेटरी दिनानाथकाकांनी तो टाकला:

‘सर्व रहिवाशांना सप्रेम निमंत्रण! आपल्या सोसायटीला यंदा दहा वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त आपल्या फाटकावर आपलं मानचिन्ह बसत आहे: पेणच्या मूर्तिकारांनी घडवलेला खाडीतला निवटा! ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यांवर, पाटीवर, सगळीकडे आता तोच दिसेल. पण त्याला नाव नाही. ते तुम्ही सुचवायचं!
नियम:
१. एका सदनिकेची एकच प्रवेशिका. भाडेकरूही भाग घेऊ शकतात. कमिटीच्या घरच्यांना भाग घेता येणार नाही.
२. नाव पाच अक्षरांपर्यंत. देवाचं, पुढाऱ्याचं किंवा कुणा रहिवाशाचं नाव नको.
३. सदनिका क्रमांक, नाव आणि एका ओळीत कारण, एवढंच खालील नंबरवर खासगी संदेशाने पाठवावं. ग्रुपवर टाकू नये. निकालापर्यंत नाव कुणालाही सांगू नये.
४. एकच नाव दोघांनी पाठवल्यास आधी आलेलं धरलं जाईल.
५. परीक्षक सोसायटीबाहेरच्या: निवृत्त शिक्षिका किशोरीबाई. त्यांना फक्त नावं आणि कारणं दिली जातील, सदनिका क्रमांक नाही.
६. स्पर्धकांनी रंग स्वतः आणावेत.
मुदत: रविवार, २४ मे, संध्याकाळी सहा. निकाल लगेच, फाटकापाशी.
बक्षीस: डझनभर हापूस, आणि मूर्तीखालच्या फरशीवर ‘नाव सुचवले’ म्हणून आपला उल्लेख.’

निवटा म्हणजे चिखलातला मासा. डोळे डोक्यावर, शेपटी आपटत चिखलात टुणटुण उड्या मारणारा. भरती आली की बिळात, ओहोटी लागली की बाहेर.

रविवार उजाडला. दुपारी तीन वाजता मृणाली, दुसऱ्या मजल्यावरचा प्रज्योत आणि त्याची दहा वर्षांची बहीण आरोही फाटकापाशी मूर्तीवर टाकलेल्या ताडपत्रीच्या सावलीत बसली होती.

“नियम सहा!” प्रज्योतने आईच्या फोनवरून पुन्हा वाचलं. “रंग स्वतः आणावेत! नावाला रंग लावायचाय का? मी तर हळद आणतो!”

“तू स्वतःलाच लाव,” आरोही म्हणाली. “चेहरा तरी जरा बरा दिसेल.”

मृणाली हसली नाही. ती फरशीकडे बघत होती. कोरी, पांढरी फरशी. बाबांचं नाव तिथे आलं नाही तरी चालेल. पण आज सहा वाजता बाबांनी निवडलेला एक शब्द सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचला जाणार होता. निमंत्रण आलं त्याच दिवशी बाबांनी फोनवर नाव पाठवल्याचं तेवढं सांगितलं होतं, आणि नऊ दिवस ती त्या एका शब्दावर जगत होती. जणू बाबाच येणार होते, सहाच्या लाँचने.

तेवढ्यात दिनानाथकाका आले. हातात रंगाऱ्याचा ब्रश, कपाळावर आठ्या.

“पोरांनो, काय सोसायटी आहे आपली! एक प्रवेशिका नाही. शून्य! काल ग्रुपवर आठवण टाकली, तर सतरा जणांनी अंगठे दाखवले. अंगठे!”

मृणाली ताडकन उठली. “काका, बाबांनी पाठवलंय!”

“अगं, भर समुद्रातून कुठलं जायला? अडकलं असेल वाटेत.” काकांनी फोन तिच्यासमोर धरला. “हे बघ. काही आलेलं नाही. म्हणून कमिटीनंच नाव ठरवलंय. ‘सागरदूत’! सहा वाजता रंगारी लिहायला घेईल.”

“निवटा सागरात राहत नाही, काका. खाडीत राहतो,” आरोही म्हणाली.

“तेच ते!” म्हणत काका जेवणानंतरची राहिलेली झोप घ्यायला निघून गेले.

बाबांचा शब्द कुठेच पोचला नव्हता. बाबांना विचारायची सोय नव्हती. आणि सहानंतर पोचून उपयोग नव्हता.

“थांब, थांब,” प्रज्योत म्हणाला. “माझ्या आईनेही मागच्या शनिवारी पाठवलंय ना! मी तिथेच होतो. ती काय भर समुद्रात होती? ती ओट्यापाशी उभी होती!”

त्याने आईच्या फोनवर तो संदेश शोधला आणि स्क्रीन हाताने झाकली. “नाव वाचायचं नाही हं, नियम तीन! फक्त कोपऱ्यात बघा.”

कोपऱ्यात टिक होती. राखाडी. एकच.

“एक टिक म्हणजे आपल्याकडून गेलं,” मृणाली सावकाश म्हणाली. “दुसरी टिक म्हणजे तिकडे पोचलं. आठ दिवसांत पोचलंच नाही? काकांचा फोन तर सारखा हातात असतो!”

तिघं धावत सुटली. तळमजल्यावरच्या रंगूआजी: एक टिक. चौथ्या मजल्यावरचे भावेशभाई: एक टिक. फाटकावरचे हिरामणमामा सोसायटीच्याच खोलीत राहायचे, त्यांनीही नाव पाठवलं होतं. त्यांनी चष्मा सावरत फोन पुढे केला.

“हाय की पाठवलेलं. का रं, काय चुकलं?”

“तुमचं काही न्हाय चुकलं, मामा!” प्रज्योत ओरडला. पुन्हा एक टिक!

“म्हणजे पाठवणारे बरोबर आहेत,” मृणाली म्हणाली. “घेणारा फोनच बंद आहे. पण काकांचा फोन तर...”

“रंग!” आरोहीने एकदम टाळी वाजवली. “रंग कशाला लागतात? रांगोळीला! पाडव्याला रांगोळीची स्पर्धा होती ना!”

मृणालीने त्याच फोनवर ग्रुप मागे मागे सरकवला. मे, एप्रिल, मार्च. सापडलं! रांगोळीस्पर्धेचं निमंत्रण. ‘सर्व रहिवाशांना सप्रेम निमंत्रण!’ तीच सुरुवात. नियम सहा: ‘स्पर्धकांनी रंग स्वतः आणावेत.’ आणि खाली तोच नंबर, शेवटी एकेचाळीस.

“काकांनी जुनाच संदेश उचलला, मधलं बदललं आणि शेवट तसाच ठेवला!” प्रज्योत म्हणाला. “आणि हे बघ, निवट्याचा संदेश ज्या नंबरवरून आलाय, त्याच्या शेवटी शहात्तर आहे. काकांनी नंबर कधी बदलला?”

“एप्रिलमध्ये,” हिरामणमामा म्हणाले. “लाँचवरनं उतरताना फोन पडला पाण्यात. ‘अरे देवा’ म्हणून काय वरडले! आख्खी जेटी वळून बघत होती. मीच काढून दिला वर.”

सव्वाचार. काकांच्या दाराशी तिघं धापा टाकत उभी. आतून काकांचं घोरणं ऐकू येत होतं. काकींनी दार उघडलं.

“जुना फोन? अगं, तो तांदळाच्या डब्यात! ओला झाला तर तांदळात ठेवायचा म्हणतात ना. ठेवला, नंतर यांनी नवा आणला, आणि तो राहिला तसाच. आम्ही रोज वरून वरून तांदूळ काढतोय!”

तिसऱ्या फळीवरचा डबा खाली आला. कोपरापर्यंत हात घालून प्रज्योतने फोन वर काढला. काचेला तडे, भोकांत तांदळाचे दाणे. टाचणीने दाणे काढून त्यांनी चार्जर लावला.

काहीच नाही.

साडेचार. पाच. काकींनी तिघांना सरबत दिलं. मृणालीचा पेला तसाच राहिला. तिची नजर त्या काळ्या काचेवरून हलली नाही. कुठल्यातरी निळ्या पाण्यावर बाबा आत्ता काय करत असतील? आज रविवार आहे हे त्यांच्या लक्षात असेल? असेलच.

पाच बावीसला स्क्रीनवर एक बारीकशी बॅटरी उमटली.

“जिवंत आहे!” आरोही किंचाळली. आतलं घोरणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

फोन चालू झाला. घरचं वायफाय त्याला आठवत होतं. आणि मग, टुण! टुण! टुण! एकामागून एक संदेश येऊ लागले. प्रज्योतने आईचा फोन बघितला. “दोन टिका! दोन!”

संदेश कुलूपबंद स्क्रीनवरच झळकत होते. नंबर, आणि पुढे मजकूर. मृणाली अगदी जवळ बसली होती. नुसती मान वाकवली असती, तर बाबांचा शब्द तिला तेव्हाच मिळाला असता. कुणाला कळलंही नसतं.

तिने फोन उलटा ठेवला. त्यावर हात ठेवला. प्रत्येक टुणला तळहात थरथरत होता.

“वेडी आहेस,” प्रज्योत हळूच म्हणाला.

“सगळ्यांसमोर ऐक, असं म्हणालेत ते.”

सहाला सात मिनिटं कमी असताना फाटकापाशी सगळी सोसायटी जमली होती. रंगारी ब्रश बुडवून तयार. किशोरीबाई खुर्चीवर बसलेल्या. झोपेतून उठून आलेले काका घसा खाकरून बोलू लागले, “उत्साहाच्या अभावी, कमिटीने...”

“काका, थांबा! प्रवेशिका आल्यात!”

मृणालीने जुना फोन पुढे केला. काकांनी आधी तो ओळखला, मग त्यांचा चेहरा पडला. प्रज्योतने झरझर सगळं सांगितलं: नियम सहा, एकेचाळीस, तांदूळ.

“पण आता सहा वाजत आले. मुदत...” काका पुटपुटले.

“प्रत्येक संदेशावर पाठवल्याची तारीख आणि वेळ असते,” मृणाली म्हणाली. “लोकांनी मुदतीतच पाठवलंय. चुकीचा नंबर त्यांनी नाही दिला.”

“मुलगी बरोबर बोलते आहे, दिनानाथ,” किशोरीबाई म्हणाल्या. “शाळेतही तू खालची ओळ न वाचताच पेपर द्यायचास!”

हशा पिकला. काकांनी फोनचं कुलूप उघडलं आणि सदनिका क्रमांक, पाठवल्याची तारीख आणि वेळ आपल्या वहीत टिपायला सुरुवात केली. नाव आणि कारण तेवढं ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहीत होते. “दोनशे एक. एकशे तीन. तीनशे दोन...”

तीनशे दोन! मृणालीचं घर! आईने मृणालीचा खांदा घट्ट धरला. पोचला होता. शब्द पोचला होता.

अकरा चिठ्ठ्या किशोरीबाईंच्या हातात आल्या. त्या एकेक वाचू लागल्या. “टुणटुण. कारण: तो तसाच चालतो. गोट्या. कारण: डोळे. चिखल्या. कारण: चिखलात राहूनही ऐटीत राहतो.” लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. मृणाली श्वास रोखून ऐकत होती. हे नाही. हेही नाही.

“आलोच,” किशोरीबाईंनी वाचलं, आणि जराशा थांबल्या. “कारण: भरतीला दिसत नाही, पण गेलेला नसतो.”

रंगूआजी आणि भावेशभाईंनी एकमेकांकडे बघितलं. रंगूआजींचा मुलगा मस्कतला होता. भावेशभाईंची मुलगी बंगळुरात. आणि मृणालीला कुणी सांगायची गरज नव्हती. असं नाव दुसरं कोण ठेवणार! ते तिने मनात दोनदा म्हटलं. बाबांच्या आवाजात.

बक्षीस ‘चिखल्या’ला मिळालं. मूर्ती म्हणजे मुलांची, नाव मुलांना हाक मारता यावं असं हवं, असं किशोरीबाईंनी सांगितलं. ते हिरामणमामांनी सुचवलेलं निघालं. मामा हापूसची पेटी छातीशी धरून नुसते “माझंच हाय, माझंच हाय” म्हणत राहिले. ताडपत्री निघाली. रंगाऱ्याने फरशीवर नाव लिहिलं.

दिनानाथकाकांनी तिघांना पुढे बोलावलं. “आज चूक माझी होती. ही पोरं नसती, तर अकरा घरांचे शब्द तांदळात राहिले असते. यापुढे सोसायटीचा प्रत्येक संदेश आधी ही तिघं वाचतील, मग मी टाकीन!”

“सहा नियमांपर्यंतच हं, काका,” प्रज्योत म्हणाला. “पुढचे वाचायला हापूस लागेल!”

मृणालीने काकांची वही मागून घेतली आणि तीनशे दोनच्या ओळीवर एकदा बोट फिरवलं. मग ती आईबरोबर घरी गेली.

तीनशे दोनची प्रवेशिका पंधरा मे रोजी, निमंत्रण आल्यानंतर चौथ्या मिनिटाला पाठवलेली होती.