पाटीला धावदोऱ्याची किनार

पेंटरची आणि माझी ओळख झाली ती पिवळ्या रंगाच्या एका थेंबामुळे. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान, आणि वरच्या मजल्यावर एक दवाखाना. दवाखान्याची पाटी रंगवायला तो शिडीवर चढलेला, खाली मी कुलूप काढतेय… आणि थेंब थेट माझ्या बाहीवर.

"हलू नका," वरून आवाज आला. "चोळलंत तर पसरेल."

"आणि पसरलं तर?"

"तर अख्खी बाही पिवळी करून द्यावी लागेल. दुसरी पण. एकच बरी नाही दिसणार."

तो उतरला, टर्पेंटाइनचा बोळा घेऊन डाग टिपत बसला. डाग गेला. माणूस काही गेला नाही. पुढच्या महिनाभरात त्याच्या शर्टाची बटणं भलतीच तुटायला लागली. चौथ्या बटणाला मी विचारलं, "कात्रीने कापून आणता का?"

"ब्लेडने," तो म्हणाला. "कात्रीने शर्ट फाटतो."

इतक्या खऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? "अहो पेंटर"चं "अरे पेंटर" कधी झालं, मलाही कळलं नाही. वर्षभराने लग्न ठरलं.

त्याच्या घरी तिघंच. बाबा, कचेरीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. आणि ताई, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून घर ताईच्याच हातात, त्यामुळे लग्नाची वहीही तिच्याच हातात. एका रविवारी दुपारी सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. काका-काकू होते, आत्या होती, मी होते. हॉल, खुर्च्या, फुलं, एकेक ठरत गेलं. मग पेंटरने भिंतीला टेकवलेली पाटी वळवून समोर धरली.

हॉलच्या दारात लावायची स्वागताची पाटी. लाकडावर, हाताने रंगवलेली. गडद निळ्यावर आमची नावं, भोवती सोनेरी किनार. अठरा संध्याकाळी तो तिच्यावर काम करत बसला होता. मलाही दाखवली नव्हती.

ताईने वहीतून मान वर केली. "हे कशाला? हॉलवाले फ्लेक्स देतात, फोटोसकट. तुझं दुकानांचं काम दुकानात ठेव रे. लोकांना वाटेल, आत सेल लागलाय."

काका खदखदून हसले. आत्या हसली. बाबाही हसले, थोडंसं. पुढचं कलम निघालं… गाड्या किती लागतील.

पेंटरने पाटी परत भिंतीकडे तोंड करून ठेवली.

मला सोडायला येताना त्याने ती काखेत धरली होती. माझ्या दुकानात येऊन शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसला. म्हणाला, "आपण नोंदणी करून मोकळे होऊ. दोन साक्षीदार. घरचं कुणी नको."

खरं सांगू? मला आतून बरं वाटलं. जिभेवर सगळं तयारच होतं. ते मी बोलून टाकलं. "तुझ्या ताईला ना, तुझ्या कामातलं काडीचं कळत नाही."

त्याने झटकन मान वर केली. "तसं नको बोलूस. पहिला ब्रश तिने आणून दिलाय मला. शाळेत मला हाताला धरून तीच न्यायची."

झालं. आधी त्याला फक्त लागलं होतं. आता लागलेलं एका हातात आणि ताईची बाजू दुसऱ्या हातात, असं दोन्ही धरून तो बसला होता, माझ्यामुळे. तो चिडला तर त्याचा हक्क. ती त्याची माणसं. मी त्यात हात घालायचं कारण नव्हतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. "मनावर नको घेऊस. कामाच्या गडबडीत बोलल्या असतील."

"म्हणजे मीच वेडा," तो म्हणाला.

हाताला सवय म्हणून मी टाचण्या उशीत खोचत राहिले. आणि त्या खोचताना मला आठवलं, गिऱ्हाईक घट्ट झालेला कपडा घेऊन येतं तेव्हा मी कधी विचारत नाही की कुणी शिवला. शिंप्याला नावं ठेवून बाही सैल होत नाही. पण कपडा बरोबरच आहे, असंही सांगत नाही. मी एकच विचारते.

"कुठे टोचतंय?"

पुढे मी काही जोडलं नाही, ते मला फार जड गेलं.

"सेल म्हणाली ते… नाही," तो हळू म्हणाला. "बाबा हसले, ते थोडं." थांबला. बोटावरचा निळा रंग नखाने खरवडू लागला. "मी पण हसलो गं. सगळे हसले म्हणून. माझ्याच पाटीला. जसं काही मी गंमत म्हणून आणली होती."

"अठरा संध्याकाळी," मी म्हणाले. "आणि मग स्वतःलाच हसावं लागलं."

"हो." त्याचे डोळे भरले. मी त्याचा हात धरला. रंग, टर्पेंटाइन, सगळ्यासकट.

थोड्या वेळाने विचारलं, "मी काही करू, की नुसती बसू?"

"बस. तू बोलू नकोस तिच्याशी. मी बोलेन."

"नोंदणीचं?"

"ते रागात बोललो. ती नसली तर माझं लग्न झाल्यासारखं वाटायचं नाही मला." मग जरा हसला. "ऐक, असं म्हणू का… ताई, तू नेहमी मला कमी लेखतेस."

"'नेहमी' उसव," मी म्हणाले. "ते ऐकलं की आपण केव्हा कमी लेखलं नाही, तेच त्या आठवत बसतील. तुझं म्हणणं राहून जाईल."

"मग?"

"आत्ता मला सांगितलंस, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला, माझ्या दुकानातूनच. मी मशीन बंद ठेवलं. "ताई, पाटीला सगळे हसले तेव्हा मला लागलं. मी अठरा दिवस केली ती. दारात लावायची माझी फार इच्छा आहे." पलीकडून ताईचा आवाज मलाही ऐकू आला: "मग तेव्हाच बोलायचंस ना. तू तर हसत होतास." आणि फोन ठेवला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुसता चहा टाकला.

तीन दिवसांनी दुपारी ताई स्वतः दुकानात आली. हातात वही नव्हती. "बाबा काल हॉलवर जाऊन दार मोजून आलेत," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "विचारलंय, पाटी केवढी आहे. दोन पायांवर उभी करायची तर पाय ते करून देतील."

पेंटर कोपऱ्यातून पाटी घेऊन आला. ताईने पर्समधून चष्मा काढला, वाकली, किनारीजवळ नाक नेलं. त्या रविवारी एवढं जवळून कुणीच बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"ही किनार सरळ रेघ नाहीये," ती म्हणाली. "हे… टाके आहेत. धावदोरा." तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मशीनकडे, मग भावाकडे. "हिच्यासाठी होय?"

त्याचे कान लाल झाले.

"गाढवा, हे सांगायचं नाहीस का?" म्हणाली, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून तो तसाच राहू दिला. "फ्लेक्स रद्द करते मी."

ती गेल्यावर मी किनारीवरून बोट फिरवलं. शेकडो टाके, एकसारखे… खालच्या कोपऱ्यात मात्र एक वाकडा.

"हा चुकला," मी म्हणाले.

"चुकला नाही. तू पहिलं बटण लावलंस ना, त्याचा टाका असाच होता."

"काहीतरीच. माझा टाका वाकडा पडत नाही."

"त्या दिवशी पडला होता," तो म्हणाला. "मी तो शर्ट पुन्हा घातलाच नाही. जपून ठेवलाय."

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं, काखेत घट्ट झालेला कोट घेऊन. माझं बोट अजून त्या टाक्यावरच होतं. शेवटी पेंटरनेच त्यांना स्टूल दिलं आणि अगदी माझ्या सुरात विचारलं, "बसा. कुठे टोचतंय?"