तळ्यातल्या लोकांची बोली

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. आसगावात मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेची, तयारी सुरू होती आणि समाजमंदिरात नाटकाची तालीम. मी बातमीसाठी गेलो होतो.

नाटक तृप्तीचं, पहिलंच. तळ्याच्या तळाशी राहणाऱ्या लोकांचं. त्यांच्यासाठी तिने बोलीच बनवली होती. व्यंजनं सहाच: म, न, ल, र, त, स. स्वर तीन: अ, इ, उ, ऱ्हस्व किंवा दीर्घ. जोडाक्षर नाही, प्रत्येक शब्द स्वरावर संपणार. क्रियापद आधी. ‘मा’ लावला की भूतकाळ, ‘नि’ लावला की ठिकाण. अनेकवचनाला पहिलं अक्षर दोनदा: मिरा म्हणजे होडी, मिमिरा म्हणजे होड्या. माणसांची नावं तीन अक्षरी, शेवटी उ.

‘तुनामा रिमानु लासिनि.’ आली रिमानु तळ्यात.

मंडळाचे अध्यक्ष गोपीचंद यांना हे पटलेलं नव्हतं. “आज जमलं नाही, तर तळ्यातले लोक हुर्र हुर्र करतीन. पब्लिक हासते तरी.”

“माझे लोक जोकर नाहीत, काका,” तृप्ती म्हणाली.

इकडच्या नाटकात नट पाठ करत नाहीत. पडद्याआड फळीवर बसलेला प्रॉम्प्टर सांगतो, नट बोलतात. रिमानुचं काम धुरपताबाईंकडे होतं. त्यांनी वीस वर्षांत एकदाही पाठांतर केलेलं नव्हतं.

“लुगडं नेसवा, मुकुट घाला, बोली कोनतीबी द्या,” त्या म्हणाल्या. “कान शाबूत आहे माहा.”

आणि खरंच जमलं. वाक्यामागून वाक्य, स्वच्छ. गोपीचंद मान डोलवू लागले. धुरपताबाईंनी पडद्याकडे कान कलवला आणि म्हटलं,

“सुनामा तातारि लासिनि, रिमानु.”

तृप्ती थांबली. “हे माझं नाही.”

“मंग कोनाचं? चुकलं का?”

“नाही ना! सगळं नियमात आहे. भूतकाळ, अनेकवचन, तळ्यात. पण सुना आणि तारि हे शब्द मी बनवलेच नाहीत. धनीरामभाऊ, तुम्ही घातले का?” तिने पडद्याकडे पाहून विचारलं.

“मी कायले घालू?”

आवाज मागून आला. प्रॉम्प्टर धनीराम दारात चहाचा कप घेऊन उभे होते.

“मी तं कवाचा इकडंच हावो.”

मी पडदा बाजूला केला. रिकामी फळी. संहिता तृप्तीच्या मांडीवर होती.

“म्हंजे मले सांगत कोन होता?” धुरपताबाईंनी विचारलं.

गोपीचंद हसले. “कोन का असेना, झकास बोलते! बोली ठेवा. हुर्र हुर्र कॅन्सल.”

टाळ्या पडल्या. तृप्तीचे डोळे भरून आले. ते वाक्य तिने संहितेत लिहून घेतलं, दोन्ही अनोळखी शब्दांसकट, आणि धनीरामभाऊंच्या हातात संहिता दिली. “इथूनच घ्या.”

धनीरामभाऊ आत गेले. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं. ते फळीवर बसले, बाजूला पाहिलं, आणि चटकन उजवीकडे सरकले.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही,” ते हळूच म्हणाले. “अंग चोरून बसून राहिला होता बिचारा.”