गोगलगाय डावीकडेच बघते

पावसाने मला मासिकाच्या कचेरीच्या दारातच गाठलं. मी हातातली पानं पदराआड लपवत उभी… आणि शेजारच्या शाळेतले चित्रकलेचे सर अचानक माझ्या डोक्यावर छत्री धरून म्हणाले, "चला, कोपऱ्यापर्यंत सोडतो."

ते इतके हळू चालत होते, की मला हसू आवरेना! त्यानंतर कडक ऊन असलं तरी ते छत्री घेऊनच दारात दिसायचे.

महिन्याभराने आमच्या मासिकातल्या मुलांच्या पानासाठी त्यांनी फोनवर गोष्ट लिहून आणली. एकही शब्द नाही, नुसती इमोजी!

🏢🌧️🦋😟
🐌☂️🦋
🔁🐌☂️☀️
🔁🐌☂️☀️
🐌🦋❓

खाली छोटीशी किल्ली:
🐌 घाई न जमणारा
🦋 कायम घाईतली
🔁 दुसऱ्या दिवशी पुन्हा

"पाऊस, छत्री किल्लीत का नाही?" मी विचारलं.

"चित्र आपणहून बोलत असेल, तर किल्ली कशाला? ज्याला मी वेगळा अर्थ दिला, तेवढंच लिहायचं. एका ओळीत एकच घटना. आणि एका माणसाला शेवटपर्यंत एकच चित्र, नाहीतर वाचक गोंधळतो."

मी ओळीवरून बोट फिरवत वाचत गेले. इमारत, पाऊस, काळजीत पडलेली ती… माझं बोट थांबलं. पाच ओळींत, अक्षराविना, माझा अख्खा महिना कुणी कसा मांडू शकतं? आणि मी आपली खुळ्यासारखी छत्रीलाच हसत राहिले!

"शेवट अर्धवट आहे," मी कसंबसं म्हणाले.

"तो माझ्या हातात नाही." त्यांनी मान खाली घातली. "पान आज छपाईला जातंय ना? नसेल जमत, तर… काढून टाका. मी वाईट वाटून घेणार नाही."

किती खोटं बोलावं माणसाने! त्यांचे कान लाल झाले होते.

"सर, एक चूक आहे. तुमची गोगलगाय तिच्याकडे पाठ करून चाललीय."

त्यांनी दचकून पडद्याकडे पाहिलं. "अरे देवा… फोनमधले बहुतेक प्राणी डावीकडेच बघतात. माझ्या लक्षातच आलं नाही!"

"मग फुलपाखरू डावीकडे हवं."

मी शेवटची ओळ पुसली. तिच्या जागी लिहिलं:

🦋❤️🐌

आता गोगलगाय थेट तिच्याकडे बघत होती. सरही.

त्यांनी ओळीच्या मध्यावर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, "हे… मधलं… किल्लीत घालायचं का?"

"नको," मी म्हटलं. "हे कळतं सगळ्यांना."