कान मोजलेली कुत्री

"तुझ्या बापाला सांग, आतडी उघड्यावर टाकू नको म्हणावं. कुत्री माजून राह्यली त्यानं."

द्वारकाबाईंनी हे भर बाजारात, कोथिंबिरीची जुडी हातात धरून सुनावलं. समोर तृप्ती उभी होती. तिने जुडी मागितली होती, ती काही मिळाली नाही. द्वारकाबाईंच्या पोटरीला पांढरी पट्टी होती. मागच्या गुरुवारच्या बाजारात त्यांना कुत्रं चावलं होतं आणि इंजेक्शनं अजून चालू होती. शेजारी त्यांचा नातू अंगद उभा राहून तराजू पुसत होता. तो तृप्तीच्याच वर्गात होता, पण मान वर करायची त्याची हिंमत झाली नाही.

खडकनेर हे मंठ्याच्या रस्त्यावरचं छोटं गाव. तिथल्या नगरपंचायतीचा कत्तलखाना बाजाराच्या मागेच होता आणि तृप्तीचे वडील कडूबा तिथे शेळ्यामेंढ्या कापून मटण विकायचे. द्वारकाबाईंनी बेचाळीस अंगठे आणि सह्या गोळा करून अर्ज दिला होता : कत्तलखान्याला सील लावा. कडूबांना नोटीसही आली होती. सोमवारच्या सभेत निकाल होता. सील लागलं की परवाना गेला आणि परवाना गेला की घरची चूल बंद. तृप्तीला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अंगद धावत मागे आला.

"आजी रागात बोलली. मनावर घेऊ नको."

"तू काय बोललास तिथं? काहीच न्हाई. मंग आता कशाला आलास?"

तेवढ्यात सायकलवरून त्यांच्याच वर्गातली यशश्री आली. तिचे वडील गिरिधरराव नगरपंचायतीत स्वच्छता निरीक्षक. नोटिशीवर सही त्यांचीच. तृप्तीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"या दोघंबी," ती म्हणाली. "माझे बाबा काय घाण करतात ते डोळ्यांनी बघा. मंग अर्ज करा, नोटिसा काढा."

कत्तलखान्यात तिने सगळं दाखवलं. रोज सकाळी पशुवैद्यक डॉ. प्रियदर्शनी यायच्या. आधी जिवंत जनावर तपासायचं. आजारी असेल तर ते बाजूला. कापल्यावर काळीज, फुप्फुसं बघायची आणि मगच मटणावर निळा शिक्का. उरलेली घाण झाकणाच्या दोन पिंपांत जायची आणि नगरपंचायतीची बंद गाडी ती रोज उचलून गावाबाहेरच्या खड्ड्यात पुरायची. आता पिंपं भरून वाहत होती. माश्या घोंघावत होत्या आणि कुत्री पिंपांवर चढली होती.

"बारा दिवस झाले, गाडी आली न्हाई. बाबांनी तीनदा कळवलं."

यशश्रीचा चेहरा उतरला. "गाडी कुत्री पकडणाऱ्या संस्थेला दिलीय. त्यांची बिघडलीय म्हणून. पप्पांनीच दिली."

"म्हणजे कुत्री धरायला आमची गाडी नेली, म्हणून इथं कुत्री गोळा झाली. अन् सील मातर आम्हाला."

कोणाला हसू आलं नाही. अंगद एवढ्यात पिंपामागे वाकला आणि तसाच मागे सरकला. तिथे एक पांढरी कुत्री गुरगुरत होती. तिच्या पोटाशी पाच पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली. कुत्री दोन पावलं अंगावर आली तसा अंगद भिंतीवर चढला आणि तिथूनच म्हणाला, "हिचा उजवा कान बघा. कापलेला आहे."

यशश्री थबकली. "असं होऊच शकत नाही. पिल्लं होऊ नयेत म्हणून नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या कुत्रीचाच कान तसा कापतात, लांबून ओळखू यावी म्हणून. बाजारातली कुत्री त्याच संस्थेनं फेब्रुवारीत नेली होती. ऑपरेशन करून, रेबीजची लस टोचून परत इथंच सोडली."

"मंग पिल्लं कुठून आली? मे अर्धा झाला."

"आमची मोती गाभण राहिल्यावर दोन महिन्यांनी व्याली होती," अंगद म्हणाला. "हिची पिल्लं तर आठ दिवसांची असतील."

तिघांनी हिशेब जुळवला : कुत्री मार्चमध्ये, म्हणजे ऑपरेशननंतर गाभण राहिली होती. भांडण तसंच होतं, पण आता तिघांना एकच प्रश्न छळू लागला. दोन दिवस त्यांनी बाजार, बसस्टँड, शाळेमागची गल्ली पालथी घातली. कापलेल्या कानाच्या आणखी तीन कुत्र्या पिल्लांसकट सापडल्या. अंगदने लांबूनच फोटो काढले, तृप्तीने जागा वहीत टिपल्या.

रविवारी सकाळी त्यांनी डॉ. प्रियदर्शनींना गाठलं. डॉक्टरांनी फोटो दोनदा बघितले.

"काम झाल्यावर किती कुत्र्यांचं ऑपरेशन झालं हे मोजायची एक पद्धत असते," त्या म्हणाल्या. "काढलेले अवयव बरण्यांत जपून ठेवायचे आणि ते मोजूनच प्रमाणपत्र द्यायचं. नुसता कान तर कोणीही कापेल. कोणी मोजले?"

यशश्री तडक घरी गेली.

"पप्पा, कुत्र्यांचं काम तुम्ही कसं तपासलं?"

"एकशे शहाऐंशी. एकेक कान स्वतः मोजला मी, उन्हात उभा राहून."

"आणि बरण्या?"

गिरिधरराव एकदम चिडले. "तुला कोणी शिकवलं हे? त्या मटणवाल्याच्या पोरीनं? तिचं घर वाचवायला बापाला चोर ठरवणार का तू?" जेवणाचं ताट तसंच टाकून ते उठले. यशश्री रात्रभर रडली. पण सोमवारी ती सभेला गेली.

सभागृह खचाखच भरलं होतं. एक सदस्य टेबल बडवून म्हणाले, "सील लावा आन् कुत्री गाडीत घालून धावड्याकडच्या डोंगरात सोडा. जल्दी मिटवा."

"तसं सोडता येत नाही," डॉ. प्रियदर्शनी म्हणाल्या. "कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, असा नियम आहे. ही नेली तर दुसरी येतात, आणि त्यांना लसही नसते."

"मॅडम, चावलं कुणाला?" मागच्या गर्दीतून एक जण ओरडला. कडूबा कोपऱ्यात हात बांधून उभे होते. त्यांच्याकडे बघून कोणीतरी पचकन थुंकलं.

तृप्ती उठली. "पिंपं का भरली ते आधी विचारा."

"पोरांना भायेर काढा."

"काढा," तृप्ती म्हणाली, "पण फोटो बघून." तिने मोबाइल आणि वही थेट नगराध्यक्षांच्या टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं : गाडी, पिंपं, कान, पिल्लं. डॉक्टरांनी पुस्ती जोडली, "ती पांढरी कुत्री मी आज तपासली. पोटावर टाक्याची खूणच नाही. ऑपरेशन झालेलंच नाही."

संस्थेचा माणूस उठून म्हणाला, "आमच्याकडे निरीक्षक साहेबांचं प्रमाणपत्र आहे."

सगळ्यांचे डोळे गिरिधररावांकडे वळले. यशश्रीने मान खाली घातली. गिरिधररावांनी समोरचे कागद मिटले आणि ते उभे राहिले.

"प्रमाणपत्र माझं आहे. मी कान मोजले. बरण्या बघितल्या नाहीत. आणि कत्तलखान्याची गाडीसुद्धा मीच दिली. कडूबांची तीन पत्रं माझ्या टेबलावर पडून आहेत."

गोंधळ उसळला. तो शांत व्हायला दहा मिनिटं गेली. मग नगराध्यक्षबाईंनी निर्णय वाचून दाखवला : गाडी आजच परत, संस्थेचं काम बंद, प्रत्येक कुत्र्याची डॉक्टरांसमोर फेरतपासणी आणि लस, निरीक्षकांची चौकशी, कडूबांची नोटीस मागे. "आम्ही सतरा जण इथं बसतो," त्या म्हणाल्या, "आणि शोध या तिघांनी लावला. शाबास रे पोरांनो." टाळ्या वाजल्या, पण सगळ्यांनी वाजवल्या नाहीत.

बाहेर पायरीवर गिरिधरराव लेकीजवळ थांबले. "तू बराबर होतीस," एवढंच म्हणाले आणि तिची सायकल स्वतः ढकलत चालू लागले.

द्वारकाबाई लंगडत कडूबांसमोर आल्या.

"मला चावलं ते चावलंच. ते मी विसरणार न्हाई," त्या म्हणाल्या. "पर अर्जावर पयला अंगठा माझा व्हता. तो चुकीच्या माणसावर उठला." मग तृप्तीकडे वळल्या. "अन् तू गं, त्या दिशी कोथिंबीर न घेता गेल्तीस. उद्या ये. माझ्याशेजारी बस अन् गिऱ्हाइकांना सांग, तुझ्या बापाचं मटण शिक्क्याचं हाय. मी व्हय म्हणंन, सगळ्यांच्या देखत."

कडूबांनी मान वळवली आणि गमछ्याने डोळे पुसले.