जिन्यावरच्या सह्या

ही घटना खरी आहे. माझ्या थोरल्या दिरांच्या, मच्छिंद्र भाऊजींच्या बाबतीत घडलेली.

भुतं रात्रीच दिसतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर वाचावं. कारण हे घडलं भर दिवसा, सकाळी पावणेअकराला, पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत. सोमवार, १८ डिसेंबर १९७२.

तारीख मी विसरणार नाही. का, ते शेवटी सांगते.

मच्छिंद्र तेव्हा एकोणीस वर्षांचा. पाथर्डीजवळची वाडी. दुष्काळाचं साल. अकरावी पास झालेला हा मुलगा आणि त्याची आई मुक्ताबाई, दोघं दुष्काळी कामावर खडी फोडत होते. आईच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असत. पाऊस पडला असता तर ती ऊस तोडायला गेली असती. तेवढाच काय तो फरक.

वर्षापूर्वी हायस्कूलच्या हेडमास्तरांनी, विष्णुपंत धर्माधिकारी सरांनी, त्याला स्वतः नगरला नेऊन एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालायला लावलं होतं. "कार्ड वेळेवर रिन्यू करायचं. चुकलास तर नाव जातं," असा दम पण दिला होता. पोरगं दर वेळी न चुकता जाऊन शिक्का मारून आणायचं.

आणि शुक्रवारी पत्र आलं.

कनिष्ठ लिपिकाच्या जागेसाठी मुलाखत. सोमवारी सकाळी दहा. मूळ प्रमाणपत्रं आणि त्यांच्या साक्षांकित प्रती सोबत आणाव्यात. प्रवासखर्च मिळणार नाही.

टपालाने पत्राला आठ दिवस लावले होते. हातात उरले दोन.

झेरॉक्स वगैरे तेव्हा कुठलं? शनिवारी तो पाथर्डीच्या टायपिस्टकडे बसला. एस.एस.सी.चं सर्टिफिकेट, गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला. दोन कार्बन घालून तीन-तीन प्रती निघाल्या. आता त्यावर सही-शिक्का हवा, की ही मुळाबरहुकूम खरी नक्कल आहे.

संध्याकाळी तो सरांच्या घरी गेला.

आतून खोकला ऐकू आला. दोन तुटक... आणि मग एक लांब, ओढलेला.

महिनाभर सर अंथरुणाला खिळले होते. अंबिका काकू दारात आल्या.

"थांब रे, विचारते त्यांना."

"नको काकू. झोपू द्या त्यास्नी."

"अरे, जागेच आहेत."

"ऱ्हाऊ द्या. दुसरीकडून करून घेतो."

आजारी माणसाला सहीसाठी उठवायचं कसं, एवढंच त्याच्या मनात होतं. तो उंबऱ्यातूनच वळला.

दुसरीकडे म्हणजे वाडीत सरपंच, आबासाहेब. गावात एकच मोठा गोल शिक्का, तो त्यांचा. रेशनला चालतो, मोजणीला चालतो, तर पुण्याला का नाही चालणार?

"आन की हिकडं," आबासाहेब म्हणाले. "ह्यो शिक्का बघून सायब उभा ऱ्हाईल!" आणि वरच्या तिन्ही प्रतींवर धाड-धाड शिक्के उठले. कार्बनच्या प्रती कोऱ्याच राहिल्या.

रविवारी तो एस.टी.ने नगर, नगरहून पुणे असा आला. वाडीतला गोरक्षनाथ खडकीला कारखान्यात होता, त्याच्या खोलीवर उतरला. सोमवारी साडेनवालाच कचेरीत.

लांब व्हरांडा. बाकावर तीस-एक पोरं. कुणी टाय लावलेला, कुणी सामान्यज्ञानाचं पुस्तक पुटपुटणारं. मच्छिंद्रने कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

आधी कागद तपासणी. टेबलाशी एक कारकून. हजेरीच्या तक्त्यावर सही घ्यायचा, मूळ कागद आणि नक्कल शेजारी ठेवून बघायचा, नक्कल ठेवून मूळ परत द्यायचा. मग नाव आत जाई.

"मच्छिंद्र बन्सी गर्जे. हं, सही कर इथे." कारकुनाने नक्कल उचलली. चष्मा वर केला. "हे कोण?"

"सरपंच हायेत."

"ते दिसतंय मला. राजपत्रित अधिकारी नाहीतर हायस्कूलचा मुख्याध्यापक. पत्रात छापलंय. वाचलं होतंस?"

मागे कुणीतरी हसलं.

"साहेब, लई लांबून आलोय..."

"सगळे लांबूनच येतात बाळा. तुझा नंबर सतरावा. अकरापर्यंत सह्या आणल्यास तर ठीक. नाहीतर नावापुढे कागद अपूर्ण असं लिहावं लागेल मला."

माणूस वाईट नव्हता. नियम होता.

मच्छिंद्र वरच्या मजल्यावर धावला. एका साहेबाच्या दारात उभा राहिला. साहेब म्हणाले, "मी तुला ओळखत नाही, कशी सही करू?" दुसरे रजेवर. तिसऱ्यांच्या शिपायाने आतच सोडलं नाही.

साडेदहा वाजून गेले.

तो जिन्याशी आला. डोळ्यांपुढे आईची चिंध्या बांधलेली बोटं. आता परत खडीवर. आपणही आणि तीही.

आणि तेव्हा...

खालच्या वळणावरून खोकला आला.

दोन तुटक. एक लांब, ओढलेला.

कचेरीत मघापासून टाइपरायटरांचा खडखडाट चालला होता. तो आता ऐकू येत नव्हता.

तो चार पायऱ्या उतरला.

वळणावरच्या पायरीवर धर्माधिकारी सर बसले होते. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी.

"सर? तुमी? हितं कसं?"

"मूळ प्रती काढ."

आवाज तोच. वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"सर, तुमी तर आजारी..."

"वेळ किती राहिलाय? काढ."

त्याने पिशवी उघडली. सरांनी मूळ गुणपत्रक गुडघ्यावर ठेवलं, शेजारी कोरी नक्कल, आणि ओळीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. मूळ पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा शाळेतला नेम. पोरं मागून चेष्टा करत.

बोट थांबलं.

"गणितात एकाहत्तर आहेत तुला. इथे सत्त्याहत्तर टाइप झालंय. बघितलं नाहीस?"

"न्हाई सर."

"खोट्याखाली माझी सही घेणार होतास." त्यांनी आकडा खोडला, वर बरोबर लिहिला, शेजारी आद्याक्षरं केली. मग सही. खाली तारीख. मग खिशातून शाळेचा शिक्का काढला, त्यावर तोंडाने वाफ दिली, अंगठ्याने कड पुसली, आणि दाबला.

तेव्हा मच्छिंद्रचं लक्ष गेलं...

सरांचे पाय अनवाणी होते.

आणि टोपीखालून पाणी ओघळत होतं. कानामागून, मानेवरून, कोटाच्या आत.

एक थेंब दाखल्याच्या नकलेवर पडला. सही फुटली.

"ही राहू दे तुझ्याकडे. दुसरी आण." दुसऱ्या कार्बनच्या प्रतीवर त्यांनी पुन्हा सही केली. "आत गेल्यावर बस म्हटल्याशिवाय बसू नकोस. येत नसेल ते येत नाही म्हण. आणि..."

सरांनी पेनाचं टोपण लावलं.

"शनिवारी आत यायचं होतंस रे."

"तुमास्नी तरास नको म्हनून..."

"जा. नाव पुकारलं."

खरंच वरून शिपाई ओरडत होता. मच्छिंद्र वर पळाला. टाइपरायटर पुन्हा वाजू लागले होते. कारकुनाने सह्या बघितल्या, मान हलवली, कागद आत गेले.

आत तीन साहेब. तो उभाच राहिला. मधले साहेब बस म्हणाले, तेव्हा बसला.

"लिपिकाचं काम काय असतं, ठाऊक आहे?"

"आलेला कागद आवक नोंदवहीत घ्यायचा. नंबर द्यायचा, तारीख घालायची. ज्या टेबलाचा आसंल त्या टेबलावर पोचवायचा."

"आणि टिप्पणी कशी लिहितात?"

"ते येत न्हाई साहेब. शिकीन."

डावीकडचे साहेब गालात हसले. मधले मात्र नक्कल निरखत होते.

"हे मुख्याध्यापक पाथर्डीचे. तारीख आजची. पाथर्डीहून आज सकाळी सही घेऊन तू इथे पोचलास कसा?"

मच्छिंद्रने दाराकडे बोट केलं.

"सर हितंच आलेत साहेब. जिन्यावर बसलेत."

शिपायाला पाठवलं. तो लगेच परत आला.

"कोणी नाही साहेब. पायरी तेवढी ओली आहे."

मधल्या साहेबांनी मूळ कागद मागून घेतले. एकेक आकडा ताडून पाहिला. एकाहत्तरवर येऊन थांबले.

"सहा मार्क वाढलेले होते, ते कमी करून घेतलेत," ते हळूच म्हणाले. "ठीक आहे. जा तू."

जिन्यावर ओल होती. बाकी काही नव्हतं. सरांना शोधत तो गेटपर्यंत गेला, रस्त्याच्या पलीकडेही बघून आला. आपल्याला न सांगता सर कसे गेले, एवढंच त्याला वाटत राहिलं.

मंगळवारी दुपारी तो पाथर्डीला उतरला, तो तडक सरांच्या घरी. पेढ्यांचा पुडा हातात. निकाल लागला नव्हता, पण पेढे सरांच्या उपकाराचे होते.

ओसरीवर शाळेचा शिपाई पुंजाराम बसला होता. पुडा बघून त्याने मान खाली घातली.

"सर गेले रं, मच्छिंदर. रइवारी, दिवेलागनीला."

"कायतरीच काय बोलता? काल तर..."

"लेक संगमनेरास्नं यायची हुती, म्हनून सोमवारपत्तुर ठिवलं. साडेधाला आंघूळ घातली. पानी न्हवतं, टँकरवरनं दोन हंडे आनले."

मच्छिंद्र मटकन खाली बसला.

अंबिका काकू भिंतीला टेकून होत्या. रडून संपलेल्या.

"तू गेलास ना शनिवारी, मी त्यांना सांगितलं. म्हणाले, येईल उद्या, अडेल त्याचं. पुंजारामला शाळेत पिटाळून शिक्का आणवला. उशीखाली ठेवला. पेनात शाई भरून ठेवली. रविवारी दिवसभर दाराकडे बघत होते."

मच्छिंद्रने पेढ्यांचा पुडा पिशवीत सारला.

पुंजाराम हळू आवाजात म्हणाला, "येक सांगू का? कुनाला बोललो न्हाई मी. आंघूळ म्याच घातली. हात सोच्छ हुते सरांचे. पन उचलायच्या टायमाला बघतो तर..."

त्याने स्वतःचा अंगठा पुढे केला.

"अंगठा जांभळा. वली शाई. आन उशीखालचा शिक्का बी वलाच."

महिन्याभराने नेमणुकीचं पत्र आलं. मुक्ताबाईंच्या बोटांच्या चिंध्या सुटल्या. भाऊजींनी अडतीस वर्षं नोकरी केली. मेलेल्या माणसाची सही चालते का, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. विचारणार तरी कुणाला?

भुताची भीती नाही वाटत, असं ते म्हणतात. उंबऱ्यातून परत फिरलो, ते मात्र झोपू देत नाही. आमच्या घरी कुणीही दारात आलं की आतून त्यांची पहिली हाक असते, "आत या, आधी आत या."

थेंब पडलेली ती नक्कल ट्रंकेत आहे. गेल्या डिसेंबरात त्यांनी मला दाखवली. फुटलेली सही, आणि खाली तारीख. १८/१२/७२.

मी त्या डागावर बोट ठेवलं.

पन्नास वर्षांचा कागद. कडा नुसत्या हात लावला तरी तुटत होत्या.

डाग मात्र...

ओला होता.

मी बोट पदराला पुसलं. ट्रंक बंद करून भाऊजी दार उघडायला गेले.

दार कुणी वाजवलेलं मला तरी ऐकू आलं नव्हतं.