खोळीतली दिलरुबा

चनन कौरना सोमवारी पाच शब्द आठवत होते, बुधवारी चार. शुक्रवारी दुपारी ग्यानी मेहताब सिंग घरी आले तेव्हा त्या पोरांच्या रजया उन्हात घालत होत्या. त्यांनी आपणहून सांगितलं, "पुत्तर, आज तीनच राहिले."

"वहीत पाचही आहेत, बीजी," मेहताब सिंग म्हणाले. "वही विसरत नाही."

"वहीने कुठे ऐकलं होतं माझ्या बापाला!"

रविवारी त्यांच्या घरच्या पाठाचा भोग, म्हणजे समाप्ती होती. त्या वेळी त्यांना वडील गायचे तो शबद, म्हणजे शीख धर्मग्रंथातलं पद, ऐकायचा होता. वडील रावीपलीकडच्या गावात कीर्तन करायचे. फाळणीनंतर इकडे आले आणि चार वर्षांनी गेले. चनन कौरची स्मृती पिकल्या पानासारखी रोज थोडी गळत होती. रविवारनंतर शबद सापडला तरी तो ओळखायला कोणी उरणार नव्हतं.

मेहताब सिंग गावच्या गुरुद्वाराचे ग्रंथी, म्हणजे ग्रंथवाचक. पूर्वी जालंधरच्या छापखान्यात तपासनीस होते. कानामात्रा चुकलेली त्यांना सहन होत नसे, आणि नोंद नसलेल्या गोष्टीवर ते विश्वास ठेवत नसत. वहीतले पाच शब्द असे होते: चात्रिक, बूँद, प्रीत, बेडी, मलाह. चात्रिक म्हणजे पाऊसथेंबासाठी तहानलेला चातक, बेडी म्हणजे होडी, मलाह म्हणजे नावाडी.

चनन कौरचा मुलगा लछमन सिंग खाटेवर बसून पिन्नीचा लाडू खात होता. "ग्यानीजी, एवढं काय अवघड आहे? शेवटच्या ओळीत पहिल्या गुरुपातशाहांचं नाव येतं, बीजीच सांगते. त्यांचेच शबद काढा, झालं."

"लछमन सिंगा, तू पाठाला येतोस की फक्त लंगरला?"

"खरं सांगू? कढीला."

"तेच. सगळ्या गुरूंनी शेवटी पहिल्या गुरूंचंच नाव घातलंय. नावावरून कवी कळत नाही. तो कळतो मथळ्यावरून. महला एक म्हणजे पहिले गुरू, महला पाच म्हणजे पाचवे. मथळा तर तुझ्या आईला आठवत नाही."

"मग अनुक्रमणिका?"

"तिच्यात शबदाची पहिली ओळ असते. दुसरी एक आहे, तिच्यात प्रत्येक ओळ आहे, पण ओळीच्या पहिल्या शब्दावरून लावलेली. बीजींचे शब्द ओळींच्या मधले आहेत." त्यांनी वही मिटली. "हे पाचही एकत्र असलेला शबद मी तीन दिवस शोधतोय. असा शबद नाही."

चनन कौर रजई झटकायच्या थांबल्या. "म्हणजे माझे बापूजी खोटं गायचे?"

मेहताब सिंगांनी वही पुन्हा उघडली.

"चाल आठवते?" त्यांनी विचारलं.

चाल चनन कौरना आठवत होती. त्या खाटेवर बसल्या आणि गुणगुणू लागल्या. आवाज फुटका होता, सूर ढळत होता. ओसरीच्या भिंतीवर, खुंटीला, निळ्या खोळीत वडिलांची दिलरुबा, गजाने वाजवायचं तंतुवाद्य, टांगलेली होती. दुसऱ्याच सुराला खोळीतून बारीक झंकार आला.

लछमन सिंग चावायचा थांबला.

"तरफेच्या तारा आहेत," मेहताब सिंग म्हणाले. "ज्या सुराला लावलेल्या असतात, तो ऐकला की आपोआप वाजतात."

सांगताना त्यांना एक गोष्ट खटकली. बापूजी गेल्यापासून वीस वर्षं हात न लागलेल्या तारा सुरात राहत नाहीत, एका पावसाळ्यातच उतरतात. ती शंका बाजूला ठेवून त्यांनी कामाला हात घातला. दिलरुबा ज्या रागाला लावलेली, तोच राग वडील गात असतील.

खुंटीसमोर उभं राहून त्यांनी एकेक सूर लावला. षड्जाला झंकार आला. रिषभालाही आला. गंधाराला काहीच नाही. मध्यम, पंचम, दोन्ही वाजले. धैवताला पुन्हा शांतता. दोन्ही निषादांना उत्तर आलं, कोमलला जरा उशिरा, कोणीतरी विचार करून दिल्यासारखं.

"गंधार नाही, धैवत नाही. सारंग राग," मेहताब सिंग म्हणाले. हातावर काटा आला होता. त्यांनी बाही खाली ओढली. "हा दुपारचा राग. बापूजी दुपारी गायचे का?"

"भर दुपारी. विहिरीवरून माणसं परत आली की."

ग्रंथाची मांडणी रागांवर असते. चौदाशे तीस पानांतून सारंगची पंचावन्न-साठ उरली. पण पाच शब्दांचा पेच सुटला नव्हता.

"पुन्हा गा, बीजी. बोटाने ताल द्या."

त्या गाऊ लागल्या. बोट खाटेच्या लाकडावर पडत होतं. चात्रिकवर पडलं, बूँदवर पडलं. मग चाल सैल झाली, बोट हवेतच थांबलं. पुन्हा सुरुवातीच्या ओळीवर आल्या तेव्हा ताल आपोआप सुरू झाला.

"इथे बोट का थांबलं?"

"इथे बापूजीच थांबायचे. तबलाही थांबायचा. डोळे उघडायचे, संगतीकडे, ऐकणाऱ्या माणसांकडे बघायचे आणि होडीचं गायचे. मग पुन्हा डोळे मिटून."

मेहताब सिंग मटकन खाली बसले. लहानपणापासून ते कीर्तन ऐकत आले होते आणि तीन दिवस ही साधी गोष्ट त्यांना सुचली नव्हती.

"परमाण!" ते ओरडले. "अरे, परमाण आहे हे! अर्थ उलगडायला कीर्तन करणारे रागी मध्येच दुसऱ्या शबदाची ओळ घेतात. होडी आणि नावाडी आपल्या शबदातले नाहीतच. बीजी, बापूजी खरंच गात होते. मीच दोन शबद एकत्र शोधत बसलो."

"मग शोध की आता," चनन कौर म्हणाल्या. "बसलास काय?"

अभ्यासाची प्रत गुरुद्वारात होती, दोन खंडांत. मेहताब सिंगांनी हात धुतले, दुसरा खंड उघडला आणि सारंग पहिल्या पानापासून वाचायला घेतला. आधी पहिले गुरू, मग पुढचे, क्रमाने. चातक बऱ्याच ठिकाणी भेटला, पण कुठे थेंब नव्हता, कुठे प्रीत. शनिवारी सकाळी महला पाच या मथळ्याखाली तिन्ही शब्द चार ओळींत सापडले. त्यांनी ते चनन कौरच्या चालीवर म्हटले. एक मात्रा कमी पडली नाही की जास्त झाली नाही.

शनिवारी संध्याकाळी चनन कौरना एकही शब्द आठवत नव्हता. मेहताब सिंगांनी शबद सापडल्याचं भोगापर्यंत मनातच ठेवलं.

रविवारी दुपारी अंगणातल्या मांडवात भोग पडला. मेहताब सिंगांनी बाजाची पेटी पुढे ओढली आणि पहिली ओळ सुरू केली. चनन कौरची मान वर झाली. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलले. चात्रिकवर त्यांचा आवाज लागला, तो फुटका नव्हता. पुढची प्रत्येक ओळ त्या मेहताब सिंगांच्या आधी म्हणत होत्या. जिथे तबला थांबायचा तिथे त्यांनी हात वर केला, संगतीकडे बघितलं आणि होडीची ओळ पुरी गायली. ती ओळ मेहताब सिंगांना ठाऊकच नव्हती. बायका रडत होत्या. लछमन सिंग कढीचं पातेलं सोडून मांडवाच्या खांबाला धरून उभा होता.

जयकारा झाला तेव्हा चनन कौर हसत होत्या. "ऐकलंस?" त्या लेकाला म्हणाल्या. "माझा बाप खोटं गात नव्हता."

माणसं पंगतीला बसली. मेहताब सिंगांनी दिलरुबा खुंटीवरून काढली. आभार मानावेत तशी त्यांनी ती मांडीवर घेतली आणि खोळीची गाठ सोडली.

आत नुसतं लाकूड होतं. खुंट्या रिकाम्या होत्या. वाजवायच्या तारा नव्हत्या, तरफेच्याही नव्हत्या. तारांखालची घोडी पडून गेली होती. पोटात कुंभारमाशीचं वाळलेलं घर होतं.

"बीजी," ते सावकाश म्हणाले, "तारा?"

"त्या कुठल्या आता," चनन कौर म्हणाल्या. "बापूजी गेले तेव्हा मीच उतरवल्या. सगळ्या. त्यांच्याबरोबर चितेवर दिल्या."

आणि त्या पुन्हा गुणगुणू लागल्या.

मेहताब सिंगांनी श्वास रोखला. पंगतीत ताटं वाजत होती, कोणी मीठ मागत होतं. त्यांच्या तळव्याखाली ते कोरडं लाकूड रिषभावर थरथरलं, त्यांचा आवाज ढळून गंधाराला लागला तेव्हा गप्प राहिलं, आणि मध्यमावर पुन्हा थरथरलं.