कोसाडच्या पायरीवर

रविवारी दुपारी आईने राखीला उधन्याहून शहराच्या दुसऱ्या टोकाला अमरोलीला पाठवलं, मावशीकडे नागलीचे पापड पोचवायला. निघताना आई म्हणाली, "चोपडावाला सांजले फोन करतीन. आज हो का नाही ते सांगी दे, माय." चोपड्याचं स्थळ चांगलं होतं. मुलगा रेल्वेत होता. नकार द्यायला राखीकडे कारण नव्हतं आणि होकार द्यायला मन नव्हतं, कारण ते चेतनकडे अडकून पडलं होतं.

चेतन बमरोलीला कापडाच्या मागांवर मेकॅनिक होता. चार महिने दर रविवारी दोघं भेटली. डुमसला फिरली, लोचो खाल्ला, एका बाइकवर उन्हं अंगावर घेतली. शेवटचा मेसेज होता, 'घरी पोचलीस का? उद्या बोलू.' तो उद्या पाच महिने झाले तरी उगवला नाही. आधी मेसेजखाली दोन राखाडी टिका यायच्या, निळ्या होत नव्हत्या. तरी हा बाबा तिचं स्टेटस मात्र गुपचूप बघायचा, आणि तेवढ्यावर बिचारी आठवडा काढायची. मग त्याचा फोटो गेला, टीक एकच उरली, फोन एका रिंगमध्ये तुटू लागला. अपघात झाला असेल म्हणून तिने दोन हॉस्पिटलं पालथी घातली. तेव्हाच मैत्रिणीने त्याला भागळच्या बाजारात मजेत भजी खाताना पाहिलं. हा मेला असता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली. मेलेल्या माणसाचा दहावा तरी होतो, कावळा शिवतो, चार माणसं येऊन रडतात. हिने कुणाला काय सांगायचं? घरी तर चेतनचं नावही माहीत नव्हतं. रोज रात्री ती जुने मेसेज उघडायची आणि आपलं कुठे चुकलं ते शोधायची. चूक सापडत नव्हती, म्हणून रोज एक नवी चूक ती स्वतःच्या पदरात घालून घ्यायची.

तर अशी ही राखी मावशीकडे न जाता वाटेत कोसाडलाच उतरली. चेतनने एकदा बाइकवरून आपली बिल्डिंग दाखवली होती, वर कधी नेलं नव्हतं. तिला भांडायचं नव्हतं. 'संपलं' एवढा एक शब्द त्याच्या तोंडून ऐकायचा होता, की संध्याकाळी आईला उत्तर देता येईल.

जिन्यात भर दुपारी अंधार होता. ओलीचा आणि मशीनच्या तेलाचा वास येत होता. खाली कुठेतरी भरतकामाचं मशीन घरघरत होतं. तिसऱ्या मजल्यावर त्याचं नाव लिहिलेल्या दाराला कुलूप होतं. ती दारासमोरच्या पायरीवर बसली. पायरी गरम होती, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी...

समोरचं दार किलकिलं झालं. एक म्हातारी तिच्याकडे बघत होती.

"परत आलीस?"

"मी... पहिल्यांदाच आलेय, मावशी."

म्हातारी तिच्या ओठांकडे टक लावून होती. "हळू बोललीस तरी चालतं. तीस वर्षं मागांवर गेली, कान तिथंच राहिले. ही मालतीबाई ओठ बघूनच ऐकते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पहिल्यांदा कशी गं? पाच महिने दर रविवारी इथंच बसतेस. पाणी दिलं तर घेत नाहीस. पोरगा तुझ्या भीतीने दार उघडत नव्हता. आज उघडलं शेवटी."

राखीने कुलपाकडे पाहिलं. "आज... काय झालं?"

"बसला की तुझ्याजवळ तासभर. सगळं सांगत होता, हात जोडत होता. मग बॅग घेऊन गेला कायमचा."

"काय सांगत होता, मावशी? का सोडलं, ते सांगितलं का?"

"त्याची पाठ होती माझ्याकडे. मला तुझेच ओठ दिसले. तू म्हणालीस, 'कळलं. एवढंच ऐकायचं होतं.' डोळे पुसलेस आणि भरभर खाली गेलीस... हलकी होऊन. आता परत का बसलीस?"

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

राखीला रडूही येईना. पाच महिने तिने ज्यासाठी जीव टांगणीला लावला ते कारण तिचंच तोंड घेऊन भलतीच कुणी ऐकून गेली होती. हिच्या वाट्याला पुन्हा कुलूपच आलं. तिने आईला फोन लावला.

"कोन बोली राहिनं?"

"आई, मी राखी. मी कोसाडला..."

"राखी तं घरमाच शे. मघाच उनी." आईच्या आवाजात कितीतरी दिवसांनी आनंद होता. "चोपडाना स्थळले हो म्हनी दिधं तिनी. तू कोन शेस, माय?"

तिकडे आईच्या मागे कुणीतरी मोकळं हसलं. ते हसणं राखीच्या ओळखीचं होतं, तिचं स्वतःचं. मग ते फोनजवळ आलं आणि हळूच म्हणालं, "दे इकडे, आई. ती अजून पायरीवर बसलीय का, मी विचारते."